अडखळणारी वाणी आणि अधीर कान

मुलाखतीच्या दालनात उमेदवाराला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा सर्वांत सोपा समजला जातो. "आपले नाव?" अर्ज समोर असतो, नाव त्यावर लिहिलेले असते आणि प्रश्न केवळ उपचार म्हणून विचारलेला असतो. परंतु ज्याच्या बोलण्यात तोतरेपणा आहे, त्याच्या दृष्टीने हाच प्रश्न बहुधा सर्वांत कठीण ठरतो. अवघड शब्द आला की तो टाळून दुसरा वापरावा, ही युक्ती अशी माणसे लहानपणापासून शिकलेली असतात. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो.

एखाद्या सहकारी संस्थेत हिशेबनिसाची जागा भरावयाची आहे असे समजा. चार सदस्यांचे मंडळ बसले आहे आणि प्रत्येक उमेदवारास दहा मिनिटे दिलेली आहेत. वाणिज्य शाखेचा एक पदवीधर तरुण आत येतो. नाव विचारताच त्याचा श्वास अडकतो, डोळे मिटतात, ओठ हलतात, पण ध्वनी उमटत नाही. पाचसहा सेकंद जातात. एक सदस्य सहानुभूतीने म्हणतो, "शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या." दुसरा अर्जावर नजर टाकून त्याचे नाव स्वतःच उच्चारतो. तिसरा संकोचाने खिडकीबाहेर पाहू लागतो. तिघांचाही हेतू वाईट नाही, परंतु तिघांनीही त्या तरुणाचे काम अधिक कठीण करून ठेवले आहे.

तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि बुद्धीची उणीव तर नव्हेच. तो बहुधा दोन ते पाच वर्षे या वयात सुरू होतो. त्याची मुळे मेंदूतील वाक्‌नियंत्रणाच्या रचनेत आणि काही अंशी आनुवंशिकतेत आहेत. प्रौढांमध्ये शंभरांत सुमारे एकास तो असतो. भीतीमुळे तो उत्पन्न होत नाही, परंतु घाई, अधिकारी व्यक्तीचा धाक आणि ऐकणाऱ्याची चुळबुळ यांनी तो वाढतो. म्हणजे मंडळासमोर जो तोतरेपणा दिसतो, त्याचा काही भाग मंडळानेच निर्माण केलेला असतो. "शांत व्हा" हा उपदेश तर त्या तरुणाने हजारदा ऐकलेला आहे. त्यातून त्याला एवढेच कळते की ऐकणारा अस्वस्थ झाला आहे.

पुढचा प्रश्न कामासंबंधी येतो : "यंत्राची किंमत दर वर्षी वहीत कमी करतात, त्याला काय म्हणतात?" उत्तर आहे 'घसारा', आणि तरुणाला ते ठाऊक आहे. परंतु 'घ' हा वर्ण त्याच्या घशात अडतो, म्हणून तो वळसा घेतो : "वापरामुळे झीज होते, तिचा खर्च दर वर्षी नफ्यातून वजा करतात ते." मंडळाच्या कागदावर नोंद होते की उमेदवारास पारिभाषिक शब्द येत नाही. हीच या विषयातील सर्वांत घातक चूक होय, कारण ती तोतरेपणाची दिसतच नाही, अज्ञानाची दिसते. लांबलेले स्पष्टीकरण, मध्येच बदललेले वाक्य, अकारण तुटक उत्तर ही बहुधा शब्द टाळण्याची चिन्हे असतात.

संशय दूर करण्याचा मार्ग सोपा आहे. त्याच्यापुढे कागद सरकवावा आणि एक लाख रुपयांच्या यंत्रावर घटत्या शिलकेवर दहा टक्के दराने दोन वर्षांचा घसारा लिहावयास सांगावे. पहिल्या वर्षी दहा हजार, दुसऱ्या वर्षी उरलेल्या नव्वद हजारांवर नऊ हजार, घसारा खाते नावे आणि यंत्र खाते जमा, असे तो निमूटपणे लिहून देतो. हिशेबनिसाची परीक्षा ही आहे. मात्र लेखी प्रश्न सर्वच उमेदवारांना द्यावा, म्हणजे तो कोणालाही वेगळे पाडल्यासारखे होणार नाही.

बाकीची पथ्ये फार नाहीत. मुलाखतीच्या पत्रातच एक ओळ असावी : काही सोय हवी असल्यास आधी कळवावे. त्याने कळविल्यास दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटे द्यावीत. त्याने प्रारंभी स्वतःहून सांगितल्यास "ठीक आहे, आमच्याकडून काय हवे?" एवढे विचारावे आणि पुढे जावे. एका वेळी एकच सदस्य बोलावा. वाक्य त्याने स्वतःच पूर्ण करावे, ऐकणाऱ्याने नव्हे. आपण सुचविलेला शब्द चुकीचा असला, तरी थकून तो मान डोलावील आणि मंडळ ते त्याचे उत्तर समजेल. नजर स्वाभाविकपणे त्याच्या चेहऱ्यावर असावी. कधी तो सलग अस्खलित बोलेल, म्हणून मघाचे अडखळणे नाटक होते असे मानू नये. तोतरेपणा तासातासाला बदलतो.

सर्व वाचादोषांना मात्र एकच नियम लागू पडत नाही. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे उच्चार जड व अस्पष्ट झाले आहेत, त्याच्यापुढे नुसते थांबून भागत नाही. तेथे न समजलेले समजल्यासारखे दाखविणे हाच खरा अपमान होय. जेवढे कळले तेवढे उच्चारून दाखवावे आणि राहिलेले पुन्हा विचारावे. थोडक्यात, तोतरेपणा असलेल्याला वेळ हवा असतो, तर अस्पष्ट उच्चार असलेल्याला प्रामाणिक पुनःपृच्छा हवी असते.

यावर आक्षेप येतो की काही कामे बोलण्याचीच असतात. तो खरा आहे. आणीबाणीच्या क्षणी दूरध्वनीवर तत्काळ सूचना देणे हेच ज्या पदाचे मुख्य काम आहे, तेथे वाणीचा वेग तपासणे गैर नव्हे. परंतु हिशेबनीस, आरेखक, प्रयोगशाळा साहाय्यक यांच्या गुणपत्रिकेत पंचवीसपैकी दहा गुण 'व्यक्तिमत्त्व व संभाषण' यांना कशासाठी? पदाला खरोखर काय लागते ते मुलाखतीपूर्वी लिहून काढावे. त्यात अस्खलितपणा नसेल, तर गुणांतही तो नसावा.

कायद्याची साथ येथे अर्धवट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने वाक् व भाषा दिव्यांगतेस प्रथमच स्थान दिले. 1995 च्या कायद्यात ती नव्हती. परंतु तिची व्याख्या शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायम दिव्यांगतेची आहे आणि उदाहरणे स्वरयंत्र काढून टाकणे व वाचाघात यांची आहेत. तोतरेपणाचा तेथे नावाने उल्लेख नाही. 2024 साली महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वाक् दिव्यांगतेची केवळ टक्केवारी पाहून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे तपासले पाहिजे. न्यायालयाने प्रवेशासाठी सांगितलेले हे तत्त्व नोकरी देणाऱ्यांनीही स्वीकारावयास काहीच हरकत नाही.

1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारने आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. खासगी आणि सहकारी संस्थांच्या दालनांत त्या चालूच आहेत. तेथे तो तरुण नावाच्या पहिल्या अक्षरावर अडतो, तेव्हा पुढच्या सहा सेकंदांत परीक्षा त्याची नसते. ती टेबलाच्या पलीकडे बसलेल्या चौघांची असते.