सोयाबीनमध्ये तूर : निर्भेळ की मिश्र?

ई-पीक पाहणी करताना दरसाल हाच प्रश्न येतो. शेतात सोयाबीनच्या ओळी आणि मधे तुरीची ओळ. आपण त्याला आंतरपीक म्हणतो. ॲपमध्ये पिकाचा वर्ग निवडताना मात्र निर्भेळ पीक आणि मिश्र पीक असतं, आंतरपीक नसतं. मग बरेच जण म्हणतात, "आपण बी मिसळून कुठं पेरलंय, ओळी वेगळ्या आहेत," आणि निर्भेळ सोयाबीन दाबून मोकळे होतात.

माझं मत, मिश्र हेच निवडावं. कारण ही नोंद शेवटी सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये जाते. तिथं मिश्र पिकाखाली घटक पिकं आणि प्रत्येकाचं क्षेत्र लिहायची जागा आहे. निर्भेळमध्ये एका क्षेत्राला एकच पीक. म्हणजे पेरायची पद्धत कोणती हा प्रश्नच नाही, एका जागेत पिकं किती हा प्रश्न आहे.

निर्भेळ टाकलं तर सोयाबीन विकेपर्यंत काही कळत नाही. तूर काढून हमीभाव केंद्रावर नोंदणीला गेलं की सातबाऱ्यावर तुरीची नोंद मागतात, आणि ती नसते. तोवर खरिपाच्या पाहणीची मुदत कधीच संपलेली असते.

आता क्षेत्र. समजा ९० आर पेरलंय, ५ ओळी सोयाबीन आणि १ ओळ तूर, सगळ्या ओळींत अंतर सारखं. म्हणजे ६ ओळींतली १ तुरीची. ९० भागिले ६ म्हणजे १५ आर तूर, उरलेले ७५ आर सोयाबीन. मुख्य पीक सोयाबीन. दोन्हींना ९०-९० आर लिहू नका, बेरीज पेरलेल्या क्षेत्राएवढीच आली पाहिजे. तुरीच्या बाजूला जास्त जागा सोडली असेल तर ओळी न मोजता पट्ट्याची रुंदी मोजा. विमा काढला असेल तर अर्जातलं क्षेत्र आणि हे क्षेत्र जुळतंय का बघा. फोटो दोन्ही पिकं दिसतील असा काढा.

धुऱ्यावर घरच्या डाळीपुरती चार झाडं असतील तर निर्भेळ सोयाबीन ठीक आहे. पण तूर विकायची असेल तर ती कागदावर पाहिजेच.

नोंद पाठवली की लगेच उघडून वाचा. स्वतः दुरुस्त करायला ४८ तास मिळतात, नंतर तलाठी कार्यालय गाठावं लागतं.

खरं तर ॲपमध्ये आंतरपीक असा सरळ पर्याय आणि ओळींचं प्रमाण टाकायची सोय पाहिजे. कृषी विद्यापीठं हीच पद्धत शिकवतात, मग यादीत ती का नसावी? ते होईस्तोवर मात्र नाव जुळतंय का हे बघू नका. ही नोंद पुढं कोण वाचणार आणि त्याला कोणतं पीक दिसायला हवं, हे बघून पर्याय निवडा.