खानदेशात जायचं, पण कधी?

खानदेश म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे जळगाव-धुळ्याचा मे महिना येतो. पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला, दुपारी रस्ते ओस. त्या उन्हात फिरायला जा, असं आम्हीही सांगणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळेच निघत असल्याने खोल्यांचे भाव चढतात. म्हणून या अंकात आम्ही आडवेळेची बाजू घेतली आहे.

चाळीसगावजवळचं पाटणादेवी घ्या. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, केदारकुंडाचा धबधबा भरात असतो. पण ऐन पावसात घाटाचा भरवसा नाही: ३१ ऑगस्ट २०२१ला अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक थांबली होती. पुढे नवरात्रात देवीला रीघ लागते. या दोहोंच्या मध्ये येतो पितृपक्ष. लग्नकार्यं नसतात, त्यामुळे खोली मिळते आणि भावात घासाघीसही करता येते.

मात्र पंचांग बघूनच ठरवा. २०२५मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. अधिक मासामुळे २०२३मध्ये ती थेट १५ ऑक्टोबरला गेली. पितृपक्ष असा लांबला की पाऊस ओसरतो, धबधब्याची धार बारीक होते. त्या वर्षी गणपतीआधीचे दिवस बरे, फक्त हवामानाचा इशारा पाहून निघावं.

भरिताच्या हौशींनी मात्र थंडीच गाठावी.

तुमचा हिशेब वेगळा असेल, तर महिना आणि कारण, दोन्ही आम्हाला लिहून कळवा.