डिस्चार्ज कार्ड नेमकं कुणासाठी लिहितात?

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. आपल्या पंचतारांकित एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तर वाचाच.

एका फाउंड्रीतल्या कंत्राटी कामगाराचं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आलंय. त्याचं नाव, कंपनी, दवाखाना काहीच लिहिणार नाही. हा विषय एका दवाखान्याचा नाहीच. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. पाठीला मोठं गळू झालं म्हणून दाखल झाला. कापून पू काढला, आणि तपासणीत साखर ३८० निघाली. मधुमेह आहे हे गड्याला तेव्हाच कळलं. चार दिवसांनी घरी सोडलं. दहा दिवस विश्रांती सांगितलेली, पण कंत्राटी माणसाची विश्रांती म्हणजे बिनपगारी. आठव्या दिवशी तो थर्ड शिफ्टला हजर.

दोन दिवसांनी दुपारी बारा वाजता बायको उठवायला गेली. अंथरूण घामानं ओलं, माणूस काहीतरी असंबद्ध बडबडतोय. तिला वाटलं ताप चढला. शेजारच्या काकूंना मधुमेह, त्यांनी बघितल्या बघितल्या ओळखलं. गिळता येतंय याची खात्री करून साखरपाणी पाजलं आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात पोहोचल्यावर मोजलेली साखर ५२. साखर पोटात जाऊनसुद्धा ५२.

आता कार्ड बघू. त्यात गोळीची ओळ अशी आहे : ‘टॅब. ग्लिमेपिराइड १ एमजी, १-०-०, एसी, १५ दिवस.’ सगळं इंग्रजीत, छापील, स्वच्छ. अक्षराची तक्रार करायला जागा नाही. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहावं, असं २०१६ साली वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमात घातलंय. ही ओळ त्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होईल. आणि तरीही माणूस मरता मरता वाचला.

कसा, ते सांगतो. १-०-० म्हणजे सकाळी एक. ‘एसी’ म्हणजे लॅटिनमधलं ‘जेवणाआधी’. (आपल्याकडे एसी म्हटलं की गार हवाच.) मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं लिहून दिलं, ‘सकाळी उपाशीपोटी’. त्याचं काही चुकलं असं वाटत नाही ना? पण हा माणूस रात्री ११ ते सकाळी ७ कामावर. साडेसातला घरी यायचा, चहा घ्यायचा, उपाशीपोटी म्हणून गोळी घ्यायचा आणि झोपायचा. जेवण थेट दुपारी दोनला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलंय की नाही याची ती वाट बघत नाही. सहा-सात तास झोपेत, पोट रिकामं, रात्रभर भट्टीजवळ उभं राहून आधीच दमलेलं शरीर. साखर उतरत गेली. जागा असता तर हातपाय थरथरले असते, भूक लागली असती, कळलं असतं. झोपेत कळणार कसं? घरच्यांना वाटतं गाढ झोपलाय, झोपू दे बिचाऱ्याला.

कार्डावर ‘उपाशीपोटी’ हा शब्दच नव्हता. ‘जेवणाआधी’चं भाषांतर करताना तो आला. या गोळीचा खरा नियम असा, की दिवसातल्या पहिल्या मुख्य खाण्याच्या लगेच आधी किंवा खाण्याबरोबर घ्यायची, आणि खाणं होणार नसेल तर घ्यायची नाही. यातला दुसरा भाग जीव वाचवणारा, आणि १-०-० मध्ये तो मावतच नाही. ही खूण धरून चालते की माणूस सकाळी उठतो, नाश्ता करतो, दुपारी जेवतो, रात्री झोपतो. आपल्याकडचे हजारो लोक दर आठवड्याला यापेक्षा वेगळे जगतात. रात्री झोपतानाची गोळी थर्ड शिफ्टवाल्यानं केव्हा घ्यायची? कामावर निघताना घेतली आणि ती गुंगीची असली, तर पुढं मशीन आहे.

दुसरं म्हणजे ‘१५ दिवस’. गळूसाठी दिलेली अँटिबायोटिक पाच दिवसांनी संपवून थांबायची होती. साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांनी संपल्या की थांबायचं, की नवीन आणायच्या? कार्डावर दोन्हींच्या पुढं नुसता दिवसांचा आकडा. वाचणारा काय समजेल? कोर्स संपला, बरा झालो. पंधरा दिवसांचा अर्थ ‘तोवर येऊन दाखवा, गोळी बंद करू नका’ असा आहे, हे डॉक्टरांच्या डोक्यात असतं. कागदावर नसतं.

तिसरी ओळ दुखण्याच्या गोळ्यांची. एक जोडगोळी, ॲसिक्लोफिनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, १-०-१. त्याखाली पॅरासिटामॉल ६५०, ‘एसओएस’, म्हणजे लागेल तेव्हा. दोन्हीत पॅरासिटामॉल आहे हे कार्डावरच्या ब्रँडच्या नावांवरून कळत नाही. आणि ‘लागेल तेव्हा’ म्हणजे जास्तीत जास्त किती? समजा पाठ ठणकतेय म्हणून त्यानं दर चार तासांनी एक घेतली. सहा गोळ्यांचे ३९०० मिलिग्रॅम, जोडगोळ्यांतले ६५०, एकूण ४५५०. धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. रोज दारू घेणाऱ्याची आणि यकृत बिघडलेल्याची त्याहून कमी. कामगार वस्तीत दारूचा प्रश्न न विचारता ‘लागेल तेव्हा’ लिहिणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता धोक्याच्या खुणा. या कार्डावर ‘सल्ला’ या रकान्यात तीन गोष्टी आहेत. मधुमेही आहार, भरपूर पाणी, गरज पडल्यास दाखवा. गरज पडली हे ओळखायचं कशावरून? साखर उतरल्याची एकही खूण नाही, आणि नव्यानं साखर उतरवणारी गोळी सुरू केलेली. गळूच्या जागी लाली पसरली, पुन्हा पू आला, थंडी वाजून ताप आला तर काय, तेही नाही. दवाखान्याचा फोन नंबर आहे. मी संध्याकाळी साडेसातला लावून बघितला. तो बिलिंग काउंटरचा निघाला, कुणी उचलला नाही.

एका डॉक्टर मित्राला कार्ड दाखवलं. तो स्पष्ट बोलला, “अरे, हे पेशंटसाठी लिहिलेलंच नाही. एक प्रत पुढच्या डॉक्टरसाठी आणि एक टीपीएसाठी.” खरंय. कार्डाचा तीन चतुर्थांश भाग रक्ताच्या रिपोर्टांचा, ऑपरेशनच्या नोंदीचा. तो इंग्रजीत असायलाच हवा, उद्या सीपीआरला न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला तोच लागेल. विम्याला आणि ईएसआयच्या रजेलाही तोच लागतो. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण घरी जाऊन गोळी खाणारा जो आहे, तो या कागदाचा वाचक कुणी मोजलाच नाही.

मित्राची बाजूही सांगतो. सोडायच्या दिवशी सकाळी राउंड, दुपारी बिल, विम्याची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळ. तोवर नातेवाईक गाडी घेऊन दारात. सिस्टर पिशवीतून पाकिटं काढून दोन मिनिटांत सांगते, “ही सकाळी, ही दोन टाइम, समजलं न्हवं?” सगळे “व्हय” म्हणतात. आपल्याकडं डॉक्टरसमोर ‘नाही समजलं’ म्हणायची पद्धतच नाही. त्यामुळं ‘समजलं का’ या प्रश्नाला काही किंमत नाही. त्याऐवजी सिस्टरनं एवढंच म्हणावं, “मामा, उद्या ही गोळी केव्हा घेणार, मला सांगा बघू.” हा माणूस म्हणाला असता, “साडेसातला घरी आलो की घेतो आणि झोपतो.” तिथंच पकडलं गेलं असतं.

त्या दवाखान्यात दुसऱ्या खेपेला मात्र डॉक्टरांनी स्वतः मराठीत लिहून दिलं. ते असं आहे : ‘साखरेची गोळी, १ मिलिग्रॅम. थर्ड शिफ्ट असेल तेव्हा झोपून उठल्यावर दोन वाजता, ताट समोर आल्यावर. जेवण नाही तर गोळी नाही. संपली तरी बंद करायची नाही, आधी येऊन भेटा. घाम, थरथर, एकदम भूक, चक्कर, गोंधळल्यासारखं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी बरं नाही तर पुन्हा, मग जेवण. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८.’ वेळ त्या माणसापुरती आहे हं, तुमची तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. ‘बरं वाटलं तरी दाखवा’ हे का, तर या गोळीचा असर चोवीस तास टिकू शकतो, साखर दुसऱ्यांदा उतरते. लिहायला डॉक्टरांना किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं. आणि एकदा टाइप करून ठेवलं तर वेळ सोडून बाकी सगळं पुढच्या पेशंटलाही चालतं.

हे काही जगावेगळं मागणं नाही. एनएबीएच मानांकनाचा बोर्ड दारात लावणाऱ्या दवाखान्यांना तर बंधनच आहे, की डिस्चार्जच्या कागदात औषधं आणि सूचना समजतील अशा लिहायच्या आणि तातडीची मदत केव्हा व कशी घ्यायची हेही लिहायचं. ‘गरज पडल्यास दाखवा’ ही ओळ त्यात कशी बसते, हे तपासणीला येणाऱ्यांनी विचारायला हवं.

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. पाचशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्यात कायद्यानं रुग्णवाहिका कक्ष लागतो. आजारपणानंतर हजर होणाऱ्याचं फिटनेस सर्टिफिकेट आपण फाईलला लावून घेतोच. त्याच वेळी तिथल्या माणसानं कार्ड उघडून फक्त गोळ्यांच्या वेळा आणि पाळी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. शंका आली तर दवाखान्याला फोन करावा. कंत्राटी कामगारालाही यात धरा, कारण लवकर कामावर येणारा तोच असतो. आणि मराठी एके मराठीही नको. आपल्याकडं ओडिशा, बिहारची पोरं आहेत, निपाणीकडची कानडी मंडळी आहेत.

ज्यांच्या घरी अलीकडं कुणी डिस्चार्ज होऊन आलंय, त्यांनी कार्डावरचं नाव, नंबर आणि आजार झाकून फक्त गोळ्यांचा आणि सल्ल्याचा रकाना मला इनबॉक्समध्ये पाठवा. आणि कार्डावरच्या नंबरवर एकदा रात्री दहानंतर फोन लावून बघा. कुणी उचलतंय का, तेही कळवा.