न्यूट्रलमधला पाहुणा

आमच्या हॉस्टेलच्या मेसमागे एक ट्रान्सफॉर्मर आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला सगळं शांत झालं की त्याची गुणगुण खिडकीतून ऐकू येते. सवय झाल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही नव्हतं, पण थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत एका सबस्टेशनला ट्रेनिंगला गेलो आणि तेव्हापासून जातं.

तिथे एका दुपारी शिफ्टचे ऑपरेटर काका यार्डातून फेरी मारून आले आणि म्हणाले, "आज दोन नंबरचा घोगरा बोलतोय." आम्ही चौघं धावत गेलो. नेहमीच्या सपाट गुणगुणीत खरोखरच एक खरखर मिसळली होती. कंट्रोल रूममध्ये मात्र सगळं ठीकठाक! लोड निम्मा, व्होल्टेज बरोबर, तेलाचं तापमान रोजचंच, एकही अलार्म नाही. तासाभराने आवाज आपोआप गेला. काकांनी लॉगबुक उघडलं, पण त्यात 'आवाज' नावाचा रकानाच नव्हता. त्यांनी वही मिटली. कारण शेवटपर्यंत कागदावर आलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या वहीत तो रकाना हवा, आणि न्यूट्रलच्या पट्टीवर डी.सी. मोजणारं एक साधं साधन हवं. का ते सांगतो.

ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल आपण जमिनीला जोडतो. दोन सबस्टेशनच्या जमिनीत थोडासा डी.सी. व्होल्टेजचा फरक पडला, तर एका न्यूट्रलमधून चढून, तिन्ही फेजच्या तारांतून प्रवास करून, दुसऱ्या न्यूट्रलमधून उतरायला डी.सी.ला मोकळी वाट मिळते. हा फरक मुख्यतः दोन कारणांनी पडतो. एक म्हणजे सौर वादळ, ज्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि लांब लायनींमध्ये जवळजवळ डी.सी. म्हणावा इतका सावकाश बदलणारा प्रवाह येतो. हे मुख्यतः ध्रुवांजवळच्या देशांचं दुखणं आहे. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे, ते म्हणजे एच.व्ही.डी.सी. आपली चंद्रपूर-पडघे लाईन ±५०० केव्ही आणि १५०० मेगावॅटची, म्हणजे पूर्ण लोडला प्रवाह १५०० अँपियर. अशा कुठल्याही लाईनचा एक पोल बंद असताना परतीचा प्रवाह जमिनीतून नेला, तर इलेक्ट्रोडच्या आसपास जमिनीचं पोटेन्शियल वर-खाली होतं आणि त्यातला काही वाटा शेजारच्या न्यूट्रलमधून वाट काढतो.

आता आकडे घालून बघू. समजा, १०० किलोमीटरच्या ४०० केव्ही लाईनच्या दोन टोकांच्या जमिनीत ४५ व्होल्टचा फरक आहे. तीन फेज पॅरलल धरून लाईनचा रेझिस्टन्स साधारण ०.९ ओहम, दोन्हीकडची वाइंडिंग मिळून ०.२ आणि दोन्ही अर्थ मॅट मिळून ०.४ धरा. एकूण १.५ ओहम. म्हणजे न्यूट्रलमध्ये ३० अँपियर आणि प्रत्येक फेजला १० अँपियर.

"दहा अँपियर? त्यात काय एवढं?" हा प्रश्न मी ट्रेनिंगला विचारला होता. एका ५०० मेगावॅट सेटचा जनरेटर ट्रान्सफॉर्मर घ्या. २०० एम.व्ही.ए.चे तीन सिंगल-फेज ट्रान्सफॉर्मर, हाय व्होल्टेज बाजू ४२० केव्ही. फेजचा फुल लोड करंट येतो सुमारे ८२५ अँपियर. त्याच्यापुढे १० म्हणजे सव्वा टक्का, कुणाच्या खिजगणतीतही नाही. पण ही तुलनाच चुकीची आहे. लोड करंट दोन्ही वाइंडिंगमध्ये असतो आणि एकमेकांचे अँपियर-टर्न्स खोडतो. डी.सी. दुसऱ्या बाजूला जात नाही, त्यामुळे त्याला खोडणारं कुणी नसतं. तो थेट कोअरवर बसतो. म्हणून त्याची तुलना मॅग्नेटायझिंग करंटशी करायला हवी. तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फुल लोडच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे इथे पाऊण-एक अँपियर असतो. आपला पाहुणा त्याच्या दहापटीहून मोठा निघाला!

पुढे काय होतं ते झोपाळ्यावरून समजून घ्या. दोन भिंतींच्या बरोबर मध्ये झोपाळा टांगलाय आणि तो दोन्हीकडे भिंतीच्या जरासा अलीकडून परततो. कोअरमधला फ्लक्स रोज असाच, सॅच्युरेशनच्या जरा अलीकडून परततो, कारण डिझायनरने लोखंड महाग म्हणून तेवढीच जागा ठेवलेली असते. आता झोपाळ्याची कडीच एका बाजूला सरकवा. झोका तेवढाच राहील, पण प्रत्येक फेरीत एकाच भिंतीवर धडकेल. डी.सी.मुळे फ्लक्स असाच एका बाजूला सरकतो आणि प्रत्येक सायकलच्या एकाच अर्ध्यात कोअर सॅच्युरेट होतो. दुसऱ्या अर्ध्यात काही झालंच नाही अशा थाटात असतो. हाफ-सायकल सॅच्युरेशन म्हणतात ते हेच.

फ्लक्स किती सरकेल? मॅग्नेटायझिंग करंटची सरासरी आलेल्या डी.सी.इतकी होईपर्यंत. करंट मात्र सायकलच्या थोड्याच भागात वाहतो. समजा तो ६० अंश, म्हणजे सायकलचा सहावा हिस्सा वाहिला. मग सरासरी १० यायची तर त्या टोकदार पल्सचा माथा ९० अँपियरच्या आसपास जातो. रोज एक अँपियर पिणाऱ्या कोअरने प्रत्येक सायकलला एक घोट नव्वदचा घ्यायचा! त्या पल्समधला ५० हर्ट्झचा भाग व्होल्टेजच्या ९० अंश मागे असतो. हिशेब केला तर तिन्ही फेज मिळून सुमारे १० मेगाव्हार रिअॅक्टिव्ह पॉवर एकटा हा ट्रान्सफॉर्मर खातो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सौर वादळात बऱ्याच ट्रान्सफॉर्मरचं एकदम असंच झालं. हार्मोनिक्समुळे व्होल्टेज सांभाळणारे स्टॅटिक कॉम्पेन्सेटर ट्रिप झाले आणि दीड मिनिटाच्या आत अख्खी ग्रिड कोसळली. साठ लाख लोक जवळजवळ नऊ तास अंधारात होते.

आता उष्णतेकडे. सॅच्युरेट झालेलं लोखंड फ्लक्सच्या दृष्टीने हवेसारखं वागतं. मग जास्तीचा फ्लक्स कोअरबाहेर पडून टाकीची भिंत, क्लॅम्प, कोअर आवळणाऱ्या पोलादी पट्ट्या, वाइंडिंगची टोकं अशा नको तिथे घुसतो. तिथे एडी करंट येतात आणि तेवढीच जागा तापते. खरी गोम अशी की आपले थर्मामीटर तिथे नसतात. तेलाचं तापमान हलायला तास लागतात, तर एखादी पातळ पट्टी काही मिनिटांत तापते. वाइंडिंग टेम्परेचर इंडिकेटर तर वाइंडिंगला हातही लावत नाही. तो तेलाच्या तापमानात सी.टी.तून आलेल्या लोड करंटचा हिशेब मिळवून आकडा दाखवतो. म्हणजे कंट्रोल रूम खोटं बोलत नव्हती, तिला विचारलंच वेगळं होतं. खूण मागाहून सापडते ती तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत. हायड्रोजन, मिथेन, इथिलीन वाढलेले दिसतात. १९८९ च्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातल्या जनरेटर ट्रान्सफॉर्मरची लो व्होल्टेज बाजूची जोडणी अशीच जळाली होती.

प्रोटेक्शनला काही कळत नाही का? न्यूट्रलवरच्या साध्या सी.टी.ला डी.सी. दिसत नाही. डिफरेन्शियल रिलेला सेकंड हार्मोनिक दिसतो, पण तो दिसला की 'इनरश आहे' असं समजून गप्प बसायलाच आपण त्याला शिकवलंय. इनरश हाच प्रकार असतो, फक्त तो काही सेकंदांत ओसरतो. हा पाहुणा तासभर बसतो.

उरला कान. कोअरचा आवाज मॅग्नेटोस्ट्रिक्शनचा. लोखंडाची लांबी फ्लक्सच्या दिशेवर नाही, आकारावर बदलते. सायकलचे दोन्ही अर्धे सारखे असले की ती सेकंदाला शंभर वेळा बदलते, म्हणून निरोगी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १००, २००, ३०० हर्ट्झची. डी.सी. आला की दोन अर्धे वेगळे होतात, पुनरावृत्ती पुन्हा ५० हर्ट्झवर येते आणि आवाजात १५०, २५०, ३५० शिरतात. ५० हर्ट्झ कानाला फारसा जाणवत नाही, पण हे मधले सूर जाणवतात. काकांचा 'घोगरा' तो हाच असावा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम काढला तर ह्या रेषा सहज दिसतात. मात्र नुसत्या मोठ्या आवाजावरून निकाल देऊ नये. व्होल्टेज वाढलं तरी, बोल्ट सैल असला तरी आवाज वाढतो. फरक सुरात आहे, आणि खात्री न्यूट्रलच्या पट्टीवर डी.सी. क्लॅम्प मीटर लावूनच करायची. त्यात हॉल सेन्सर असतो, म्हणून सी.टी.ला न दिसलेलं त्याला दिसतं.

प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला हा धोका सारखा नसतो. तीन लिंबच्या कोअरमध्ये तिन्ही फेजचा डी.सी. फ्लक्स एकाच दिशेने जातो आणि त्याला लोखंडातून परतवाट नसते. हवा आणि टाकीतून जावं लागतं, म्हणून तो कमी साठतो. सिंगल-फेज आणि पाच लिंबच्या कोअरना परतवाट आहे, म्हणून ते थोडक्यात सॅच्युरेट होतात. इलाजही आहेत, पण फुकट नाहीत. वरच्या उदाहरणात एका न्यूट्रलमध्ये ३ ओहम घातले तर एकूण ४.५ होऊन ३० चे १० अँपियर होतील. पण मग अर्थ फॉल्टच्या वेळी न्यूट्रलचं व्होल्टेज उचललं जाईल, त्याचं इन्सुलेशन तपासावं लागेल. कपॅसिटर घातला तर डी.सी. पूर्ण अडेल, पण तो शेजारच्या सबस्टेशनच्या दारात जाऊन उभा राहील. म्हणून आधी मोजा, मग अडवा.

शेवटी स्टाफला एक विनंती. मशीन लॅबमध्ये सम्पनर टेस्ट आपण सगळेच करतो, करतो म्हणजे रीडिंग्ज उतरवतो. त्याच जोडणीत प्रायमरी पॅरलल, सेकंडरी विरुद्ध जोडून, आधी व्होल्टमीटरने तिथे शून्य आल्याची खात्री करून, बॅटरी आणि रिओस्टॅटने सेकंडरीत अर्धा-एक अँपियर डी.सी. सोडता येईल. स्कोप एकाच ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत लावावा, सामाईक सप्लायमध्ये नाही, कारण दोन्ही कोअर उलट दिशांना सरकतात आणि त्यांचे सेकंड हार्मोनिक तिथे एकमेकांना खोडतात. पल्स डोळ्यांनी दिसेल आणि आवाज बदललेला कानांनी ऐकू येईल. ज्याने तो एकदा लॅबमध्ये ऐकलाय, तो पुढे यार्डात ओळखेल. आणि रकाना नसला तरी लॉगबुकच्या समासात लिहील, अशी मला आशा आहे.