व्यवहारसूत्र : पहिल्या ऑर्डरपूर्वीची खातरजमा

नवा पुरवठादार जोडताना व्यापारी घराण्यांत प्रथम ओळख पाहिली जाते. ओळख माणसाची असते. पैसा मात्र खाते क्रमांकावर जातो. एनईएफटी वा आरटीजीएसच्या अर्जावर नाव लिहिले, तरी बँक रक्कम जमा करते ती क्रमांक पाहून. क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून तपासणी पैसे पाठवण्यापूर्वीच व्हावयास हवी.

समजा, शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या एका पेढीला सुरतेच्या नव्या व्यापाऱ्याकडून बारदान घ्यावयाचे आहे. त्याने जीएसटी प्रमाणपत्र, पॅन आणि रद्द केलेला धनादेश पाठवला. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे; गुजरातसाठी २४. पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन. हे पॅनकार्डाशी ताडून पाहावे. पॅनमधील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते : भागीदारी पेढीसाठी 'एफ', व्यक्तीसाठी 'पी'. त्यानंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे पाहावे.

येथे पॅन व नोंदणी भागीदारी पेढीची निघाली. धनादेशावर मात्र एका व्यक्तीच्या बचत खात्याचे नाव आहे. अशा वेळी ऑर्डर थांबवावी आणि पेढीच्या खात्याचा धनादेश मागावा. नावातील प्रत्येक फरक लबाडीचा नसतो. एकल मालकीच्या दुकानाची नोंदणी मालकाच्या नावे व खाते दुकानाच्या नावे असू शकते. तेथे संकेतस्थळावर दिसणारी कायदेशीर आणि व्यापारी अशी दोन्ही नावे पाहिली, की उलगडा होतो.

धनादेशाची छायाप्रत बनावटही असू शकते. म्हणून खाते क्रमांक व आयएफएससी घालून खातेदाराचे नाव बँकेकडूनच पाहावे. एनईएफटी व आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत विनाशुल्क उपलब्ध करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. शाखेत जाऊनही ती घेता येते.

शेवटची पायरी मंजुरीची. बँकेत नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळा असतो. पेढीतही चिरंजीवांनी कागद जमवावेत, वडिलांनी मूळ नोंदी पाहून तारखेसह सही करावी. सहीपूर्वी ऑर्डर जाऊ नये. पुढे कधी 'खाते बदलले आहे' असा निरोप आला, तर त्या निरोपातील नव्हे, प्रारंभी नोंदवलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे आणि सारी तपासणी पुन्हा करावी.

या तपासणीने माल चांगला येईल याची हमी मिळत नाही. पैसा ज्याचा आहे त्याच्याच खात्यात जाईल, एवढे मात्र निश्चित होते.