थरथर वेगळी, अपुरी तयारी वेगळी

स्नेहसंमेलन, वक्तृत्व स्पर्धा किंवा क्रीडामहोत्सव पार पडला की शिक्षकांच्या खोलीत एक शब्द हमखास ऐकू येतो: "घाबरला." गाणाऱ्या मुलीचा आवाज कापला, घाबरली. वक्त्याचे भाषण मध्येच तुटले, घाबरला. कबड्डीत चढाईला गेलेला गडी रिकाम्या हाताने परतला, तोही घाबरला. आमच्या मते हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींवर पांघरूण घालतो. एक आहे शरीराची थरथर आणि दुसरी आहे अपुरी तयारी. दोन्हींची बाह्य लक्षणे दुरून सारखी दिसतात, परंतु कारणे वेगळी आहेत आणि उपाय तर एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. एकीचा उपाय दुसरीवर केला की मूल व्यासपीठापासून कायमचे दूर जाते.

सभेचे भय ही आजकालची गोष्ट नव्हे. अंगुत्तर निकायात पाच भयांची यादी आहे. उपजीविकेचे, अपकीर्तीचे, मरणाचे आणि दुर्गतीचे भय यांच्या पंक्तीतच तेथे 'परिससारज्जभय', म्हणजे सभेत बुजण्याचे भय, बसविले आहे. या बुजण्याच्या उलट अवस्थेला पालीत 'वेसारज्ज' म्हणतात आणि ज्याला ती लाभली तो 'विसारद'. हाच शब्द मराठीत 'विशारद' होऊन संगीताच्या परीक्षेपर्यंत पोहोचला, मात्र वाटेत त्याचा अर्थ 'निपुण' असा झाला. निर्भय आणि निपुण हे दोन अर्थ एका शब्दात राहू शकतात, पण एका विद्यार्थ्यात ते एकाच दिवशी येतीलच असे नाही. निपुण मूल थरथरू शकते, आणि मुळीच न थरथरणारे मूल कच्चेही असू शकते.

प्रथम थरथरीकडे पाहू. शेकडो डोळे आपल्याकडे लागले आहेत हे जाणवताच मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. हृदय वेगाने चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, बोटांच्या त्वचेतील वाहिन्या आकसून बोटे गार पडतात, तोंडाची लाळ आटते. हातात एरवीही असणारा, पण डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप वाढून दिसू लागतो. श्वास पोटातून वर सरकून छातीत अडकतो, म्हणून गायकाचा लांब स्वर अर्ध्यावरच संपतो आणि लय नकळत चढते. हे सारे धावण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीराने केलेले सज्जतेचे काम आहे. गाणे शंभर वेळा म्हटले की दहा वेळा, याची चौकशी ती ग्रंथी करीत नाही.

थरथर आणि कौशल्य ही दोन वेगळी खाती आहेत याचा एक पुरावा क्रीडाक्षेत्रात सापडतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जाँग-सू याची दोन पदके काढून घेण्यात आली, कारण त्याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडले. हे हृदयविकारावरचे औषध अॅड्रेनलिनचा परिणाम रोखते, त्यामुळे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी होतो. म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते औषध हात स्थिर करते, नेम शिकवीत नाही. ज्याला नेम येत नाही त्याने ते घेतले तर तो स्थिर हाताने चुकेल.

मग गर्दीसमोर एकाचे काम सुधारते आणि दुसऱ्याचे बिघडते, ते का? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी 1965 साली याचे मोठे सोपे स्पष्टीकरण दिले. प्रेक्षकांमुळे शरीर चेतते, आणि चेतलेले शरीर जे सर्वांत पक्के मुरले असेल तेच बाहेर काढते. योग्य कृती मुरली असेल तर योग्य कृती बाहेर येते, चूक मुरली असेल तर चूक. पुढे 1982 मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयात टेबलावरच्या पूल खेळाचा एक लहानसा प्रयोग झाला. चार प्रेक्षक टेबलाजवळ येऊन उभे राहताच चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके शेकडा 71 वरून 80 वर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे 36 वरून 25 वर घसरले. प्रयोग लहान होता, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण त्याची दिशा मैदानावरच्या अनुभवाशी जुळते. ज्या गड्याला हाताचा स्पर्श पक्का येतो आणि मागची लाथ अर्धवट येते, त्याची लाथ सरावात कधी लागते, कधी हुकते. सामन्यात ती बहुधा आखूड पडते. तेथे भयाने काही नवे बिघडविलेले नसते. आधीच अर्धे असलेले उघडे पडते, इतकेच.

आता एक उदाहरण तपशिलाने घेऊ. समजा, सात मिनिटांच्या वक्तृत्व स्पर्धेत दोन विद्यार्थी अडखळले. पहिलीचे हात पहिल्या वाक्यापासून कापत होते, आवाज चिरकत होता, एक शब्द उलटसुलट झाला. दीड मिनिटानंतर आवाज खाली आला आणि उरलेले भाषण नीट गेले. दुसरा ताठ उभा राहिला, सुरुवात खणखणीत केली, तिसऱ्या मिनिटाला एका परिच्छेदाच्या तोंडाशी थांबला, मागचे वाक्य पुन्हा म्हणाला, पुन्हा तेथेच थांबला आणि घामाघूम होऊन खाली उतरला. सभागृहाच्या दृष्टीने दोघेही घाबरले. आम्ही मात्र तीन गोष्टी तपासू.

पहिली गोष्ट काळाची. थरथर बोलण्यापूर्वी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वाधिक असते व पुढे बहुधा उतरते. अपुरी तयारी सुरुवातीस झाकलेली राहते, कारण सुरुवातच सर्वाधिक वेळा घोकलेली असते. ती मध्यावर प्रकट होते आणि वाढत जाते. दुसरी गोष्ट चुकीच्या जागेची. थरथरीची चूक फिरती असते, आज येथे तर उद्या तेथे. तयारीची चूक ठरलेल्या जागी बसलेली असते, आणि नीट आठवले तर रिकाम्या वर्गातही जीभ त्याच वळणावर अडत होती असे ध्यानात येते. तिसरी गोष्ट नंतरची. अर्ध्या तासाने, ठोके शांत झाल्यावर, व्हरांड्यात तेच भाषण म्हणावयास सांगावे. पहिली ते न अडखळता म्हणेल. दुसरा पुन्हा तिसऱ्या परिच्छेदापाशी उभा राहील. त्याचा घाम विसरण्याचे कारण नव्हता. पुढचे वाक्य हाताशी नाही हे कळल्यावर तो फुटला होता.

स्पर्धेपूर्वीही एक परीक्षा घेता येते आणि तिला केवळ मैदान लागते. विद्यार्थ्याला दोन फेऱ्या धावावयास लावून, धाप लागलेली असतानाच, भाषणाच्या किंवा गाण्याच्या मधल्या भागापासून सुरुवात करावयास सांगावे. येथे भय नाही, पण वाढलेले ठोके आणि आखूड श्वास आहेत. धापेमुळे आवाज तुटला तर चिंता नाही. पण शब्द किंवा सुरावटच हरवली, तर ती तयारी केवळ शांत खोलीपुरती आणि केवळ आरंभापासून म्हणण्यापुरती होती असे समजावे.

उपाय येथे फुटतात. अपुऱ्या तयारीवर धीराचे शब्द आणि दीर्घ श्वास निरुपयोगी आहेत. तेथे भाषणाचे चार-पाच तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे, कोणत्याही क्रमाने सुरू करता येईपर्यंत घोटावा लागतो, आणि अडणारी जोडजागा तर वेगळी काढून वीस वेळा म्हणावी लागते. उलट, तयारी झालेल्या पण थरथरणाऱ्या मुलीस "आणखी सराव कर" असे सांगणे अपायकारक ठरते. ती प्रत्येक शब्दावर, प्रत्येक श्वासावर पहारा ठेवू लागते, आणि जे आपोआप होत होते ते पहाऱ्याखाली अडखळते. "घाबरू नकोस, शांत हो" हा सल्लाही तिला फारसा उपयोगी नाही, कारण धडधडते हृदय आज्ञेने थांबत नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी "मी उत्सुक आहे" असे स्वतःशी म्हणणाऱ्यांची कामगिरी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड तीच ठेवून तिचे नाव बदलणे हे ती घालविण्यापेक्षा सोपे आहे.

याच्या जोडीला थरथरीला वाव कमी मिळेल अशी व्यवस्था करावी. वक्त्याच्या हाती सुटा कागद देऊ नये, तो कंप दहापट मोठा करून दाखवितो. टिपण मेजावर ठेवावे. गाणाऱ्याने पहिली ओळ मध्य सप्तकातली, लहान श्वासाची निवडावी, तार सप्तकातला स्वर मागाहून घ्यावा, आणि आरंभापूर्वी श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे अधिक वेळ द्यावा. लय चढणार हे गृहीत धरून तबल्याच्या साथीदाराला आधीच सांगून ठेवावे.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. जे मूल आठवडाभर जेवत-झोपत नाही, वारंवार ओकते, वर्गात उभे राहून उत्तर देणेही टाळते, त्याचा प्रश्न या दोन्ही खात्यांत बसत नाही. त्याला समुपदेशकाकडे न्यावे. वर उल्लेखिलेले औषध तर डॉक्टरांवाचून कोणीही घेऊ नये, दमेकऱ्यास ते घातक ठरू शकते.

निवासी शाळेत या भेदाला विशेष मोल आहे असे आम्हांस वाटते. येथील कित्येक मुलांच्या घरात यापूर्वी कोणी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिलेले नसते. अशा मुलाच्या नावापुढे एकदा 'घाबरतो' असे लिहिले गेले की पुढच्या वर्षीच्या यादीतून ते नाव गळते, आणि मूलही तो शेरा आपला स्वभाव म्हणून स्वीकारते. म्हणून आमची सूचना इतकीच की कोणत्याही कार्यक्रमानंतर हा शेरा मारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत: अडखळणे केव्हा आले, कोठे आले, आणि अर्ध्या तासाने तेच काम जमले काय? जमले असेल, तर ते नाव यादीत राहिले पाहिजे. जमले नसेल, तरीही ते राहिले पाहिजे, मात्र त्याच्या पुढे न आलेल्या तुकड्याची नोंद करून.