‘कुणाला सांगणार नाही ना?’

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी शाळेत शिकवीत असेल, कोणी अंगणवाडीत किंवा वसतिगृहात काम करीत असेल, कोणी वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेत असेल. अशा माणसाच्या फोनवर केव्हा तरी रात्री एक छोटा संदेश येतो : ‘मॅडम, एक सांगायचंय. पण कुणाला सांगणार नाही ना?’ पाठवणारी इयत्ता ८ वीतली मुलगी आहे असे समजू. पुढे काही नाही. ती उत्तराची वाट पाहत आहे.

या प्रश्नाला आपल्या तोंडी चटकन येणारे उत्तर ‘नाही गं, सांग ना’ हे असते. ते प्रेमापोटी येते, यात शंका नाही. तरीही ते देऊ नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण केवळ नैतिक नाही. ती काय सांगणार आहे हे ठाऊक नसताना दिलेले ते वचन पाळणे आपल्या हाती असतेच असे नाही.

मुलांची बहुतेक गुपिते साधी असतात. चाचणीत नापास झाल्याचे घरी सांगितलेले नाही, वर्गातला एक मुलगा आवडतो, आईवडील रोज भांडतात, वडिलांचे काम सुटले आहे. ही गुपिते आपण पोटात ठेवू शकतो आणि ठेवावीत. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ती वाटली जातात, हा तर उघड विश्वासघात आहे. परंतु काही गुपिते या जातीची नसतात. घरातला एखादा मोठा माणूस तिच्याशी लैंगिक चाळे करतो, असे तिने सांगितले, तर त्या क्षणापासून गुपित ठेवण्याची मोकळीक कायद्याने आपल्याला उरत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, त्याचे १९ वे कलम ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द वापरते. असा अपराध घडल्याचे ज्याला कळले किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र त्याबद्दल दावा किंवा खटला चालत नाही.

हे कलम केवळ कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्यातील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचे प्रकरण रद्द केले. पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे, असे सांगितले. रुग्णाचे गुपित राखणे ज्याच्या व्यवसायाचा धर्म मानला जातो, त्याचीही या बाबतीत सुटका नाही. मग आपली कोठून असणार?

म्हणून ‘नाही सांगणार’ असे म्हणून आपण तिच्याकडून गुपित काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांना कळवले, तर काय होते याचा विचार करा. तिच्या लेखी शब्द मोडणारे हे दुसरे मोठे माणूस. ती सांगितलेले नाकारते, ‘मी चेष्टा केली’ म्हणते, आणि घरच्यांना नेमके तेच हवे असते. याउलट ‘मला काही सांगूच नकोस’ हे उत्तरही तितकेच वाईट, कारण तिने धीर करून उघडलेले दार आपण लावून घेतो.

या दोहोंच्या मधले उत्तर असे असू शकते :

‘तुला मला सांगावंसं वाटलं, हे बरं झालं. बहुतेक गोष्टी मी माझ्यापाशीच ठेवीन. पण कुणी तुला किंवा दुसऱ्या मुलाला त्रास देत असेल, इजा करत असेल, तर ते मी एकटीपाशी ठेवणार नाही. जे मदत करू शकतात त्यांना मी सांगेन. कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन. आता सांगायचं की नाही, ते तू ठरव.’

आपण मराठीचे विद्यार्थी आहोत, तेव्हा यातील क्रियापदांकडे थोडे पाहू. ‘ते सांगण्यात येईल’, ‘वरिष्ठांना कळवले जाईल’ अशी कर्मणी रचना येथे मुद्दाम टाळली आहे. कार्यालयीन मराठीत ती सोयीची असते, कारण तीत कर्ता लपतो. मुलीला मात्र नेमके तेच हवे आहे : कोण सांगणार आणि कोणाला? म्हणून ‘मी सांगेन’. ‘हे आपल्या दोघींतच राहील’ हे वाक्य गोड आहे. पण ‘आपल्या’ या एका शब्दाने तिलाही त्या वचनात बांधून घेतले जाते, आणि पुढे कोणापाशी मन मोकळे करण्याची वाट तिला बंद होते. अत्याचार करणारा माणूसही बहुधा याच ‘आपल्या’चा आधार घेतो, हे विसरू नये. आणि ‘बघू’ हा आपला लाडका शब्द येथे सर्वांत निरुपयोगी; त्याचा अर्थ मुलाने हवा तसा लावावा आणि नंतर फसवले गेल्यासारखे वाटून घ्यावे, एवढेच त्यातून निघते.

परंतु हे उत्तर फोनवर लिहून पाठवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. तो फोन कोणाचा आहे? पुष्कळ घरांत फोन वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो आणि मुलगी तो अभ्यासासाठी तासभर घेते. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, असे व्हॉट्सॲप सांगते आणि ते खरे आहे. कूटबद्ध मजकूर फक्त दोन टोकांच्या फोनवर उलगडतो. पण गुपित फुटते ते याच दोन टोकांवर. आपले उत्तर कुलूपबंद पडद्यावर सूचना म्हणून उमटते. फोन संगणकाला जोडलेला असेल तर तेथेही ते दिसते. संभाषणाची प्रत गूगल ड्राइव्हवर साठवली जात असेल, तर ती प्रत वेगळी कूटबद्ध करण्याची सोय स्वतः चालू करावी लागते, आणि ती ठाऊक असलेले थोडेच. आपल्या बाजूचे काय? आपला फोन घरात मुले खेळायला घेत असतील, तर ‘दुसरं कुणी वाचणार नाही’ हेसुद्धा आपण प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

तेव्हा वर दिलेले उत्तर तोंडी द्यायचे आहे. रात्रीचा संदेश लहान आणि निरुपद्रवी असावा, वडिलांनी वाचला तरी मुलीला त्रास होऊ नये असा : ‘हो, बोलू या. उद्या मधल्या सुट्टीत मला भेट.’ तिने त्याच रात्री पुढे लिहिले आणि ती तत्काळ धोक्यात आहे असे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. १०९८ ही बालकांसाठीची मदत वाहिनी आणि ११२ हा तातडीचा क्रमांक विनामूल्य आहेत. तिने लिहिलेले आपल्या फोनवरून पुसू नये. ती मात्र तिच्या हातातल्या फोनवरचे स्वतःपुरते पुसू शकते. त्याने आपल्याकडचे जात नाही. त्या संदेशाचे छायाचित्र शाळेच्या गटात टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य.

ती भेटली, आपण मर्यादा सांगितली आणि तरीही तिने मामाविषयी सांगितले, असे समजा. येथे आपल्याकडून बहुधा एक घाई होते : आपण घरी फोन लावतो. अत्याचार करणारा घरात असेल, तर पहिली बातमी त्याच्याच कानी जाते. खोदून खोदून विचारणे हेही आपले काम नव्हे. तिने जे शब्द वापरले तेच, त्या दिवसाची तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत, आणि माहिती पोलिसांकडे न्यावी. पोलिसांनी ती चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायची असते. या टप्प्यावर मुलीला आपण जे खरेपणाने सांगू शकतो ते पुष्कळ आहे, आणि ते सांगितले पाहिजे : तिचे म्हणणे तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी नोंदवता येते, शक्यतो महिला अधिकारी ते नोंदवते, ती अधिकारी गणवेशात नसते, आणि जिच्यावर मुलीचा विश्वास आहे ती व्यक्ती जवळ बसू शकते. तिचे नाव वर्तमानपत्रांत छापण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे गुपिताचा पूर्ण पडदा गेला, तरी एक छोटे वर्तुळ उरते, आणि त्या वर्तुळात कोण कोण आहे हे तिला नावानिशी कळले पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. मर्यादा आधी सांगितली तर मुले गप्प बसतील. हो, काही बसतील. विशेषतः सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या प्रेमसंबंधांविषयी बोलू पाहत असेल, तर तिला हे उत्तर भिंतीसारखे वाटेल; कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि तिच्या संमतीला तेथे स्थान नाही. या ठिकाणी कायद्याचे माप फार सरसकट आहे, असे मला वाटते. पण कायदा आपल्याला पटला नाही म्हणून तिला खोटे सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तिला मर्यादा ठाऊक असेल, तर काय सांगायचे आणि काय नाही हे तिच्या हाती राहते. गर्भधारणेची भीती असेल, तर डॉक्टरकडे जाणे तिच्या प्रकृतीसाठी आवश्यक आहे, एवढे तपशील न विचारताही सांगता येते.

आणि असेही होईल की मधल्या सुट्टीत ती येईल, आपले बोलणे ऐकेल आणि ‘काही नाही मॅडम, असंच’ म्हणून निघून जाईल. केवळ एका प्रश्नावरून कोणाला काही कळवण्याजोगे आपल्याजवळ नाही. तिच्या मागे लागू नये, तिच्या मैत्रिणींना विचारू नये. ‘असंच तर असंच. मी रोज इथेच असते,’ इतके म्हणावे, १०९८ हा आकडा वर्गातल्या फळ्यावर सर्वांसाठीच लिहावा आणि पुढचे काही आठवडे मधल्या सुट्टीत खरोखरच तेथे बसावे.